सात, पाच आणि एक पूर्ण वर्ग

हार्पेंडन हे लंडनच्या उत्तरेचे एक लहान गाव. तेथल्या रॉथमस्टेड या शेतकी संशोधन केंद्रात गव्हाच्या, बटाट्याच्या निरनिराळ्या वाणांची तुलना करण्याचे काम वर्षानुवर्षे चालत आले आहे. सांख्यिकीशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर तेथे १९१९ साली रुजू झाले. १९३३ साली ते लंडनला गेल्यावर सांख्यिकी विभाग फ्रँक येट्स यांच्याकडे आला. शेतातल्या प्रयोगाची एक साधी अडचण या दोघांना सतत भेडसावत होती. जमीन सगळीकडे सारखी नसते. एका कोपऱ्यात पाणी साचते, तर दुसरीकडे मुरूम लागतो. म्हणून जवळजवळचे, एकसारख्या मातीचे काही वाफे घेऊन त्यांचा एक गट करायचा आणि तुलना गटाच्या आतच करायची, अशी पद्धत होती. पण एकसारख्या मातीचे वाफे तीनच मिळाले आणि वाण मात्र सात असले, तर?

येट्स यांनी १९३६ साली याचे उत्तर मांडले. प्रत्येक गटात सगळे वाण नसले तरी चालेल. फक्त कोणत्याही दोन वाणांची गाठ सारख्याच वेळा पडली पाहिजे. मग कोणावर अन्याय होत नाही. सात वाणांना १ ते ७ असे क्रमांक देऊ आणि तीन-तीन वाणांचे सात गट करू: १२४, २३५, ३४६, ४५७, ५६१, ६७२, ७१३. वाचकांनी कागदावर तपासून पाहावे. प्रत्येक वाण बरोबर तीन गटांत येतो आणि कोणतीही जोडी घेतली, उदाहरणार्थ ३ आणि ६, तरी ती बरोबर एकाच गटात सापडते. अशा रचनेला संतुलित अपूर्ण गट-रचना म्हणतात. 'अपूर्ण' यासाठी, की एका गटात सगळे वाण मावत नाहीत.

ही रचना आपण ० आणि १ या दोनच अंकांनी लिहू शकतो. आडव्या ओळी वाणांच्या, उभे स्तंभ गटांचे. वाण गटात असेल तर १, नसेल तर ०.

```
१ ० ० ० १ ० १
१ १ ० ० ० १ ०
० १ १ ० ० ० १
१ ० १ १ ० ० ०
० १ ० १ १ ० ०
० ० १ ० १ १ ०
० ० ० १ ० १ १
```

या मॅट्रिक्सला N म्हणू. आता तिच्या कोणत्याही दोन ओळी घेऊन वर-खालचे अंक गुणू आणि बेरीज करू. दोन्ही ओळींत १ असेल तेथेच १ मिळतो, म्हणून ही बेरीज म्हणजे ते दोन वाण किती गटांत एकत्र आले ती संख्या. ती नेहमी १ येते. एखादी ओळ स्वतःशीच गुणली तर तो वाण किती गटांत आला ती संख्या, म्हणजे ३ मिळते. अशा सगळ्या बेरजा मांडल्या की एक नवी मॅट्रिक्स तयार होते. तिला NNᵀ म्हणतात. तिच्या कर्णावर सगळीकडे ३ आणि बाकी सगळीकडे १. आपला आजचा विषय ही दुसरी मॅट्रिक्स आहे. दिसायला ती अगदीच कंटाळवाणी: कर्णावर एक संख्या, इतरत्र दुसरी. पण १९४९ आणि १९५० या दोन वर्षांत तिने जे काम केले ते पाहण्यासारखे आहे, आणि त्यात नागपूरला शिकलेल्या एका मराठी गणितज्ञाचा मोठा वाटा आहे.

आधी तिचा निश्चयक काढून घेऊ. n ओळी आणि n स्तंभांची मॅट्रिक्स घ्या. कर्णावर p, बाकी सर्वत्र q. सगळे स्तंभ पहिल्या स्तंभात मिळवले तर पहिल्या स्तंभातला प्रत्येक घटक p + (n − १)q होतो, कारण प्रत्येक ओळीत p एकदा आणि q (n − १) वेळा आहे. हा सामाईक अवयव बाहेर काढला की पहिल्या स्तंभात नुसते १ उरतात. आता या १ च्या स्तंभाची q पट प्रत्येक इतर स्तंभातून वजा करा. कर्णाबाहेरचे q नाहीसे होतात आणि कर्णावर p − q उरतो. उरलेली मॅट्रिक्स त्रिकोणी आहे, तिचा निश्चयक कर्णावरच्या घटकांचा गुणाकार. म्हणून

निश्चयक = [p + (n − १)q] × (p − q)^(n − १)

वर्गात येथेच थांबायला हरकत नाही, पण हे असेच का येते ते आयगेन-मूल्यांवरून जास्त स्पष्ट दिसते. एखाद्या स्तंभ-सदिशाला मॅट्रिक्सने गुणले आणि तोच सदिश काही पटीत परत आला, तर ती पट म्हणजे आयगेन-मूल्य. आपल्या मॅट्रिक्सने कोणत्याही सदिशाला गुणल्यावर काय होते? प्रत्येक ओळ त्या सदिशातल्या सर्व संख्यांच्या बेरजेची q पट घेते आणि त्यात स्वतःच्या जागेवरच्या संख्येची (p − q) पट मिळवते. बस्स, इतकेच. तेव्हा सगळे १ असलेला सदिश घेतला तर बेरीज n, आणि तो nq + p − q, म्हणजेच p + (n − १)q पटीत परत येतो. आणि ज्या सदिशातल्या संख्यांची बेरीज शून्य आहे, त्याच्या बाबतीत पहिला भाग गळून पडतो. तो सरळ p − q पटीत परत येतो. बेरीज शून्य असलेले, एकमेकांवर अवलंबून नसलेले असे सदिश n − १ निवडता येतात: पहिल्या जागी १, दुसऱ्या जागी −१, पहिल्या जागी १, तिसऱ्या जागी −१, याप्रमाणे. म्हणून p − q हे मूल्य n − १ वेळा आणि दुसरे एकदाच. सर्व आयगेन-मूल्यांचा गुणाकार म्हणजे निश्चयक.

विद्यार्थी येथे घात n घ्यायचा की n − १ यात हमखास घसरतात. ताळा सोपा आहे. आयगेन-मूल्यांची बेरीज कर्णावरच्या संख्यांच्या बेरजेइतकी, म्हणजे np यायला हवी. (n − १)(p − q) आणि p + (n − १)q यांची बेरीज खरोखरच np येते. घात चुकला तर बेरीज लगेच बोंबलते.

आपल्या सात वाणांच्या रचनेत p = ३, q = १, n = ७. आयगेन-मूल्ये: २ सहा वेळा आणि ९ एकदा. बेरीज २१, म्हणजे ७ × ३, ताळा जमला. निश्चयक ६४ × ९ = ५७६. आणि ५७६ म्हणजे २४ चा वर्ग. हा योगायोग नाही, पण त्याकडे थोड्या वेळाने येऊ.

फिशर आणि येट्स यांनी १९३८ साली संशोधकांसाठी सांख्यिकी कोष्टकांचे एक पुस्तक काढले. त्यात कोणत्या संख्यांच्या रचना उपलब्ध आहेत याची यादी होती, पण प्रत्येक वाण दहापेक्षा जास्त गटांत येऊ नये एवढी मर्यादा घालूनही काही जागा रिकाम्या होत्या. तेथे रचना सापडतही नव्हती आणि ती नाहीच असेही कोणी दाखवले नव्हते. त्याच हिवाळ्यात, १९३७-३८ मध्ये, फिशर कलकत्त्याला महालनोबिसांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले होते. होशंगाबादला जन्मलेले राजचंद्र बोस तेव्हा तेथे काम करत होते. मूळचे भूमितीचे माणूस. फिशर यांच्या भेटीनंतर ते या प्रश्नाकडे वळले आणि १९३९ साली त्यांनी रचना तयार करण्याच्या पद्धतींवर एक मोठा निबंध प्रसिद्ध केला. कोष्टकातल्या बऱ्याच जागा त्यातून भरल्या गेल्या. उरलेल्यांचे काय?

एक अट सगळ्यांना ठाऊक होती. वाण v, गट b, प्रत्येक वाण r गटांत, प्रत्येक गटात k वाण आणि प्रत्येक जोडी λ (लॅम्डा) गटांत एकत्र, असे मानू. एकूण वाफे दोन प्रकारे मोजले तर vr = bk. एका वाणाचे इतरांशी पडणारे मुकाबले दोन प्रकारे मोजले तर r(k − १) = λ(v − १). पण एवढ्याने भागत नाही. समजा वाण १६, गट ८, गटात ६ वाण, प्रत्येक वाण ३ गटांत, प्रत्येक जोडी एकदा. १६ × ३ = ८ × ६ आणि ३ × ५ = १ × १५. दोन्ही हिशोब चोख जमतात. तरी अशी रचना करता येत नाही. फिशर यांनी १९४० साली दाखवले होते, की गटांची संख्या वाणांच्या संख्येपेक्षा कमी असूच शकत नाही. बोस यांनी १९४९ साली याच गोष्टीची नवी सिद्धता दिली. टिपण जेमतेम दोन पानांचे. त्याचा गाभा आपण या उदाहरणातच पाहू.

रचना आहे असे मानू. मग N या मॅट्रिक्समध्ये १६ ओळी आणि ८ स्तंभ. NNᵀ मध्ये कर्णावर ३ आणि बाकी सर्वत्र १. म्हणजे आपल्या ओळखीची मॅट्रिक्स. तिचा निश्चयक (३ + १५) × २^१५ = ५,८९,८२४. आता N च्या उजवीकडे शून्यांचे आठ स्तंभ जोडून तिला चौकोनी करू. शून्ये जोडल्याने ओळींच्या गुणाकारांत काहीच भर पडत नाही, NNᵀ तीच राहते. पण चौकोनी N मध्ये शून्यांचा अख्खा स्तंभ असल्यामुळे तिचा निश्चयक शून्य, आणि गुणाकाराचा निश्चयक निश्चयकांच्या गुणाकाराइतका. म्हणजे ५,८९,८२४ बरोबर शून्य! रचना आहे हे गृहीतच चुकीचे.

सामान्य रचनेत हेच चालते. r + (v − १)λ हा अवयव वरच्या दुसऱ्या समीकरणामुळे r + r(k − १) म्हणजे rk होतो. निश्चयक rk(r − λ)^(v − १). गट अपूर्ण असल्यामुळे k हा v पेक्षा लहान, म्हणून λ हा r पेक्षा लहान, आणि निश्चयक शून्य होऊच शकत नाही. मॅट्रिक्सच्या पुस्तकांत जो प्रश्न नुसता सरावाला घातलेला असतो, त्याने शेतीच्या प्रयोगांना एक पक्की हद्द घालून दिली.

आता हद्दीवरची स्थिती पाहू: गट आणि वाण नेमके सारखे, b = v. मग पहिल्या समीकरणावरून r = k. अशा रचनांना सममित म्हणतात. आपली सातांची रचना याच जातीची. या प्रकारातली एक रिकामी जागा होती v = २२, k = ७, λ = २. ७ × ६ = २ × २१, हिशोब जमतो. बावीस वाण, सात-सातांचे बावीस गट, प्रत्येक जोडी दोनदा. हे जमेल का?

डाक्क्याचे काझी मोताहर हुसेन यांनी १९४६ साली 'संख्या' या कलकत्त्याच्या नियतकालिकात उत्तर दिले: जमणार नाही. त्यांची रीत मोठी चिकाटीची होती. सममित रचनेत कोणत्याही दोन गटांतही λ इतकेच वाण सामाईक असतात. तेव्हा एक गट पकडून ठेवा. त्यातल्या सात वाणांच्या जोड्या २१, आणि उरलेले गटही २१. प्रत्येक गट पकडलेल्या गटाला एकेका जोडीत छेदतो. आता बाहेरच्या पंधरा वाणांपैकी एक घ्या. तो आतल्या प्रत्येक वाणाला दोनदा भेटतो. म्हणजे त्याच्या वाट्याला अशा सात जोड्या येतात, की आतला प्रत्येक वाण बरोबर दोन जोड्यांत असतो. जोड्या एकमेकींना जोडल्या की साखळी तयार होते: एकतर सातही वाणांची एकच बंद साखळी किंवा एक तिघांची आणि एक चौघांची. पंधरा वाणांच्या पंधरा साखळ्या, आणि कोणत्याही दोन साखळ्यांत बरोबर दोन जोड्या सामाईक हव्यात. हुसेन यांनी शक्यता एकेक करून तपासल्या आणि सगळ्या खोडल्या. याच साखळ्यांनी त्यांनी आधी k = ६, λ = २ च्या १६ वाणांच्या रचना सगळ्या शोधून काढल्या होत्या, त्या मूलतः तीनच निघाल्या. या माणसाबद्दल आपल्याकडे फारसे कोणी लिहीत नाही. ते बंगालीतले नावाजलेले लेखक आणि बुद्धिबळपटूही होते.

शरच्चंद्र शंकर श्रीखंडे यांचा जन्म सागरचा, १९१७ सालचा. शिक्षण नागपूरला. पुढे अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातील चॅपेल हिल येथे गेले आणि १९५० साली बोस यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. झाले. त्याच वर्षी त्यांचा निबंध आला. विषय, काही सममित रचनांची अशक्यता. हुसेन यांनी साखळ्या तपासून जे मिळवले होते ते आता दोन ओळींत मिळू लागले. त्या ओळी अशा.

सममित रचनेत N आपोआपच चौकोनी आहे, शून्ये जोडायची गरज नाही. NNᵀ चा निश्चयक म्हणजे N च्या निश्चयकाचा वर्ग. N मध्ये फक्त ० आणि १ आहेत, तेव्हा तिचा निश्चयक पूर्णांक असणार. म्हणजे k × k × (k − λ)^(v − १) ही संख्या पूर्ण वर्ग असलीच पाहिजे. k² तर वर्ग आहेच. v सम असेल तर v − १ विषम, आणि विषम घात पूर्ण वर्ग व्हायचा असेल तर k − λ हीच संख्या पूर्ण वर्ग हवी.

बावीसच्या रचनेत k − λ = ५. निश्चयक ४९ × ५^२१. पाच एकवीस वेळा. त्यांच्या जोड्या लावल्या तर एक पाच एकटा उरतो. पूर्ण वर्ग नाही. रचना नाही. त्याचप्रमाणे v = ४६, k = १०, λ = २: १० × ९ = २ × ४५ हे जमते, पण ८ पूर्ण वर्ग नाही; तीही गेली. उलट हुसेन यांच्या १६ वाणांच्या रचनेत ६ − २ = ४, पूर्ण वर्ग, आणि रचना खरोखर आहेत. ५७६ चे कोडेही येथे सुटते. सातांच्या N चा निश्चयक २४ किंवा −२४ आहे, ओळी कोणत्या क्रमाने लिहिल्या त्यावर चिन्ह ठरते.

या निष्कर्षाचे श्रेय एकट्या श्रीखंडे यांचे नाही हेही नोंदले पाहिजे. फ्रान्सच्या मार्सेल-पॉल शुट्झेनबर्जे यांनी तो १९४९ सालीच प्रसिद्ध केला होता, आणि १९५० साली सर्वदमन चौला व हर्बर्ट रायसर यांच्या निबंधातही तो आहे. दोनेक वर्षांत तीन ठिकाणी एकच गोष्ट सुचावी, याचे आम्हाला नवल वाटत नाही. मॅट्रिक्स सगळ्यांसमोरच होती.

हा नियम शिकवताना एक धोका आहे. 'k − λ पूर्ण वर्ग नसेल तर रचना नाही' एवढेच विद्यार्थ्याच्या लक्षात राहते आणि 'v सम असेल तर' हे गळून जाते. अशा वेळी त्याला सातांची रचना पुन्हा करायला सांगावी. तेथे k − λ = २, पूर्ण वर्ग नाही, आणि रचना तर त्याच्या वहीत लिहिलेली आहे! v = ७ विषम, घात ६ सम, म्हणून निश्चयक आपोआप वर्ग होतो. v विषम असला की निश्चयक कोणालाच अडवत नाही. तो सगळ्यांना पास करतो.

म्हणून v विषम असताना वेगळे हत्यार लागते. λ = १ च्या सममित रचनांसाठी रिचर्ड ब्रुक आणि रायसर यांनी ते १९४९ साली दिले. मॅट्रिक्स तीच, पण तिचा नुसता निश्चयक न घेता तिच्यापासून बनणाऱ्या वर्गांच्या बेरजेचे अंकगणित पाहायचे. v = ४३, k = ७, λ = १ घ्या. निश्चयक ४९ × ६^४२, स्वच्छ पूर्ण वर्ग. ब्रुक-रायसर कसोटी मात्र येथे विचारते, की k − λ म्हणजे ६ ही संख्या दोन वर्गांची बेरीज आहे का. नाही. रचना बाद. हा प्रश्न k − λ ला ४ ने भागून बाकी १ किंवा २ उरते तेव्हाच विचारता येतो.

श्रीखंडे नंतर मुंबई विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक झाले. १९५९ साली बोस, श्रीखंडे आणि अर्नेस्ट पार्कर यांनी ऑयलरचे लॅटिन चौरसांबद्दलचे जुने अनुमान खोटे ठरवले आणि तिघांची नावे वर्तमानपत्रांत झळकली. ती गोष्ट वेगळी आणि मोठी आहे. २०२० साली, वयाच्या १०२ व्या वर्षी श्रीखंडे वारले.

v = १११, k = ११, λ = १ ही रचना निश्चयकाने अडवली नाही. १२१ × १०^११०, पूर्ण वर्ग. ब्रुक-रायसर कसोटीनेही अडवली नाही, कारण १० = १ + ९. तरी ती नाही. हे १९८९ साली माँट्रियलच्या कॉन्कॉर्डिया विद्यापीठातील क्लेमेंट लॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकावर दीर्घकाळ शोध चालवून ठरवले. हुसेन यांच्यासारखेच, शक्यता खोडत खोडत. त्यापुढची v = १५७, k = १३, λ = १. निश्चयक १६९ × १२^१५६. तोही पूर्ण वर्ग. १२ ला ४ ने पूर्ण भाग जातो, म्हणून ब्रुक-रायसर येथे काही विचारतच नाहीत. ही रचना आहे की नाही, ते अजून कोणालाही ठरवता आलेले नाही.